फिट हाय, मॅडम

डॉक्टर मिनल शिरसाट हिला परीक्षेचं भय कधी वाटलं नाही. अमेरिकेत पुढचं शिकायला जायचं तर तिथल्या दोन दांडग्या परीक्षा द्याव्या लागतात. त्या तिने चाकणच्या कंपनीतली नोकरी सांभाळून, काळेवाडी ते चाकण कंपनीच्या बसमध्ये मोबाइलवर प्रश्न सोडवत सोडवत पार केल्या. शेजारच्या सीटवरचा माणूस खांद्यावर डोकं टाकून घोरत असताना जिने मूत्रपिंडाचे विकार पाठ केले, तिला कशाचं भय वाटणार? शिफारसपत्रं झाली, कागदपत्रं झाली, शाखाही ठरली, फॅमिली मेडिसिन, म्हणजे फॅमिली डॉक्टरची. आणि एवढा सगळा हत्ती गेल्यावर शेपूट अडलं ते एका पानावर.

त्या पानाला पर्सनल स्टेटमेंट म्हणतात. मी कोण, हीच शाखा का निवडली, पेशंटांबरोबर आजवर नेमकं काय काम केलं आणि पुढे काय करायचंय, हे आपल्याच शब्दांत लिहायचं. अर्जाच्या साइटवर जागा सढळ हाताने दिलेली असते, पण शहाण्याने एका पानाबाहेर जाऊ नये असा रिवाज आहे. वाचणाऱ्यापुढे हजारो अर्ज पडलेले असतात. त्याने हे पान वाचून ठरवायचं की या बाईला मुलाखतीला बोलवायचं की नाही. मुलाखत नाही तर जागा नाही, इतका सरळ हिशेब होता. सप्टेंबर अर्धा सरला होता आणि अर्ज महिनाअखेरीला जायचा होता.

मिनलने पहिला खर्डा एका बैठकीत लिहिला आणि तो तिला फार आवडला, इथेच खरं तर तिने सावध व्हायला हवं होतं. 'लहानपणापासून मला डॉक्टर व्हायचं होतं,' अशी सुरुवात. मग खेळण्यातला स्टेथोस्कोप. मग आजारी आजी, तिचा थरथरता हात, तिचा शेवटचा श्वास आणि त्या क्षणी चिमुकल्या मिनलने केलेला निश्चय. रविवारी सकाळी तिने तो घरच्यांना मराठीत सांगून दाखवला. वडील ज्योतीराम यांनी चष्मा काढून डोळे पुसले. आई कस्तुरा मात्र लसूण सोलता सोलता थांबली.

"ही आजी कुठली?"

"अगं, आजी म्हणजे आजी. आपली."

"माझ्या आईला मारलंस तू?"

"आई, ते फक्त कागदावर आहे."

"परवाच फोन आला तिचा राजगुरुनगरहून. गुडघे दुखतात म्हणाली, बाकी चार भाकरी खाते. आणि तू तिला अमेरिकेला मेली म्हणून कळवणार?"

आजीला, म्हणजे रुक्मिणीबाईंना, जिवंत करणं भाग होतं. तसाही हा खर्डा टिकणार नव्हताच, कारण तो मिनलने नेहाला पाठवला होता. नेहा कॉलेजात तिला दोन वर्षं पुढे होती आणि आता ओहायोत फॅमिली मेडिसिनच्या दुसऱ्या वर्षाला. बोलायला फटकळ, पण कामाला पक्की. तिच्याकडची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ, तेव्हा ती दवाखान्यात जाता जाता फोन करायची.

"स्टेथोस्कोप काढ," नेहा म्हणाली. "आजी काढ."

"आजी काढली."

"छान. पेशंटच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तुला वैद्यकशास्त्राचा अर्थ कळला, तेही काढ. शेवटी ते सेवा आणि करुणा आहे, ते काढ."

"मग उरलं काय?"

"तुझं नाव. ते राहू दे." मग ती जरा मऊ झाली. "मिनल, एक कर. प्रत्येक वाक्य घे आणि तुझ्याऐवजी माझं नाव घालून बघ. वाक्य तसंच चाललं, तर ते तुझं नाही. फेकून दे."

मिनलने तसं करून पाहिलं. सगळं पान नेहाच्या नावावर बिनबोभाट चाललं. काही वाक्यं तर नेहालाच जास्त शोभत होती.

आता घरातल्यांनी कंबर कसली. ज्योतीराम म्हणजे पिंपरीच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेला आणि युनियनच्या सभा गाजवलेला माणूस. त्यांचं मत असं की अर्ज असो, भाषण असो की लग्नाची पत्रिका, त्यात संघर्ष दिसला पाहिजे. कंपनीला काही महिने टाळं लागलं त्या वर्षी मुलगा झाला तर त्याचं नावही त्यांनी संघर्षच ठेवलं. पोरगा मात्र नावाला जागला नाही. हिंजवडीत कॉम्प्युटरवर बसून काम करायचा, बारा वाजता उठायचा आणि आंघोळीचं पाणी गार झालं तर तेवढाच काय तो झगडायचा. मिनलने वडिलांच्या शब्दाखातर दुसरा खर्डा लिहिला. त्यात काळेवाडीची एक खोली आली, गळकं छप्पर आलं, रस्त्यावरच्या दिव्याखालचा अभ्यासही आला. दिवा खरा तर घरातलाच होता आणि वर पंखाही होता.

संध्याकाळी नेहाचा फोन स्पीकरवर होता. सगळे पोहे खात बसले होते.

"हे बघ," नेहा म्हणाली, "आधी तो संघर्ष काढून टाक."

पोह्यांचा घास तोंडात घेऊन संघर्षने मान वर केली.

"सगळीकडे तोच तोच. त्याचं तुझ्या कामाशी काय देणंघेणं? उगाच दया मागितल्यासारखं वाटतं. तो नसेल तर तुझं काही अडत नाही."

"मी काय केलं हिचं?" संघर्षने आईला विचारलं.

"नेहाताई," ज्योतीराम स्पीकरकडे वाकून म्हणाले, "पोरगा आळशी आहे हे मान्य. पण आमचा आहे."

गैरसमज मिटायला दोन मिनिटं गेली आणि नेहाचं हसू आवरायला त्याहून जास्त. पण संघर्षच्या मनाला लागलं ते लागलंच. आपणही बहिणीच्या उपयोगी पडतो हे दाखवायला त्याने तो खर्डा एआयच्या तोंडी दिला आणि पाण्याचा घोट संपायच्या आत नवा काढून आणला. भाषा अशी गुळगुळीत की बोट ठेवलं तर घसरावं. त्यात मिनलचा प्रवास म्हणजे करुणेच्या धाग्यांनी विणलेलं वस्त्र झालं होतं. नेहाने एक ओळ वाचून विचारलं, "हे कुणी लिहिलं?" आणि मग समजावलं की शुद्धलेखन तपासायला घ्यायची तर घे मदत, पण मजकूर माझाच आहे असं अर्जात लिहून द्यावं लागतं. ते खोटं लिहून डॉक्टरकीला सुरुवात करू नकोस.

"बरं, अनुभव लिही," नेहा म्हणाली. "पण खरा. इथे अमेरिकेत तू महिनाभर येऊन गेलीस त्यावर अर्धं पान खर्च केलंयस. काय केलंस इथे?"

"दवाखान्यात उभी राहायचे. बघायचे."

"पेशंटला हात लावलास?"

"परवानगी नव्हती."

"मग कशाला हात लावलास?"

मिनलने आठवून पाहिलं. "दाराला. डॉक्टरांच्या मागे दार लावून घ्यायचं असायचं."

"मग ते एका ओळीत लिही. बघितलं, एवढंच. चाकणला रोज तुझ्यापुढे रांग लागते, त्याबद्दल चकार शब्द नाही. का?"

चाकणच्या कामाची तिला आतून लाज वाटायची, हे खरं कारण. ब्रेकचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गेटजवळ दोन खोल्यांचा दवाखाना. डोळ्यात गेलेला कण काढ, बोटाला टाके घाल, 'मॅडम, एक सलाईन लावा, अशक्तपणा आलाय,' म्हणणाऱ्याला सलाईनची गरज नाही हे पटव. आणि कंत्राटी कामगारांची नवी बॅच आली की त्यांची भरतीआधीची तपासणी. वजन, उंची, डोळे, कान, बीपी, चार प्रश्न, सही, शिक्का, पुढचा. यात अमेरिकेला सांगण्यासारखं काय आहे, असं तिला वाटायचं. हे मोठं चुकीचं वाटणं होतं, पण ते तिला अजून कळायचं होतं.

सोमवारी नवी बॅच आली. सणासुदीच्या गाड्यांची मागणी, त्यामुळे कंपनीला माणसं कालच हवी होती. एचआरचे जयसिंग दर थोड्या वेळाने दारातून डोकावून घड्याळाकडे बघत. मिनलचे प्रश्न एव्हाना झिजून झिजून चार शब्दांवर आले होते. सुरुवातीला ती अख्खी वाक्यं विचारायची. आता नुसतं, "शुगर? बीपी? दमा? फिट?"

फिट म्हणजे फिट येते का, आकडी, झटका. दवाखान्यात सगळे तसंच म्हणतात, म्हणून तीही म्हणायची.

जालन्याकडून आलेला खंडू नावाचा गडी पुढे येऊन ताठ उभा राहिला. छाती पुढे, केसांना भरपूर तेल.

"शुगर?"

"न्हाई."

"बीपी?"

"न्हाई."

"दमा?"

"न्हाई."

"फिट?"

"हाय," खंडू म्हणाला.

मिनलने मान वर केली. एवढ्या प्रामाणिकपणे कुणी कबूल करत नाही. नोकरी जाईल म्हणून लोक लपवतात. तिला त्याच्याबद्दल आदर वाटला.

"कधीपासून?"

"लहानपणापासून, मॅडम."

"औषध घेता?"

"औषध कशाला? कधीच घेतलं न्हाई."

"घरात आणखी कुणाला?"

"समद्यांना. वडील तर आजूनबी फिट हायेत."

मिनलने गंभीर चेहऱ्याने लिहिलं: लहानपणापासून झटके, उपचार नाही, वडिलांनाही तोच आजार. यंत्रावर कामासाठी अपात्र. मेंदूविकार तज्ज्ञांना दाखवावे. खंडूला चिठ्ठी दिली आणि सहानुभूतीने म्हणाली, "घाबरू नका, यावर चांगली औषधं आहेत." खंडूला यातलं काही कळलं नाही, पण डॉक्टरबाई एवढ्या मायेने बोलतात म्हटल्यावर आपलं काम झालं असंच त्याला वाटलं.

त्याच संध्याकाळी बसमध्ये मिनलच्या मनात आलं, हा खंडू स्टेटमेंटला चांगला आहे. उपचाराविना वाढलेला गरीब तरुण, त्याला पहिल्यांदाच कुणीतरी डॉक्टर भेटते, वगैरे. तिने तिसऱ्या खर्ड्याचा पहिला परिच्छेद मोबाइलवर लिहूनही काढला. त्यात खंडूच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

बुधवारी सकाळी खंडू दवाखान्याच्या पायरीवर बसलेला. डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. सरकारी दवाखान्यात एक अख्खा दिवस रांगेत मोडून तो तज्ज्ञांचा कागद घेऊन आला होता. मिनलने कागद उघडला. तज्ज्ञांनी लिहिलं होतं, 'यांना आजवर एकदाही झटका आलेला नाही. वडिलांनाही नाही. हे फिट आहेत, म्हणजे तंदुरुस्त या अर्थाने. कृपया पुन्हा विचारावे.'

"मॅडम," खंडू म्हणाला, "मी तुमाला सांगितलं ना, फिट हाय म्हणून. तुमी लिवलं फिट न्हाई. आन तिथले डॉक्टर मला विचारत्यात, फिट आल्यावर तोंडाला फेस येतो का. म्हणलं, फिट मानसाच्या तोंडाला फेस कशाला येईल?"

नर्स दिपाली आधी तोंडावर हात धरून हसली, मग सरळच हसली. मिनललाही हसू आलं. तिने खंडूची माफी मागितली, कागद बदलला, पात्र असा शिक्का मारला. खंडू जाता जाता म्हणाला, "वडिलांचंबी दुरुस्त करा त्यात. उगाच त्यांच्यावर आळ नको."

तो गेला आणि मिनलचं हसू हळूहळू मावळलं. एक माणूस 'हाय' म्हणाला आणि त्याचा अर्थ उलटा निघाला. मग जे 'न्हाई' म्हणाले, त्यांना तरी प्रश्न कळला होता का? वर्षभर ती हे चार शब्द विचारत होती. त्या शब्दांवर सह्या करून तिने माणसं प्रेसवर पाठवली होती, जिथे पत्रा दाबणारं यंत्र खाली येतं तेव्हा समोरच्याची शुद्ध जाऊन चालत नाही.

"दिपाली, सोमवारची सगळी बॅच परत बोलव. आज."

"जयसिंग सर ओरडतील."

"ओरडू दे. आणि त्यांच्यानंतर वर्षभरातले सगळे. थोडे थोडे करून."

या वेळी तिने खुर्ची पुढे ओढली आणि एकेकाला बसवून विचारलं. कधी आकडी आली होती का? मिरगी? फेफरं? कधी अचानक शुद्ध हरपून पडला होता का? झोपेतून उठल्यावर जीभ चावलेली, अंथरूण ओलं असं झालंय? बरेच जण नाही म्हणाले, आणि आता ते नाही समजून म्हणत होते हे चेहऱ्यावरून कळत होतं. उस्मानाबादकडच्या नवनाथने मात्र 'फेफरं' हा शब्द ऐकून मान खाली घातली. सोमवारी यानेच फटकन 'न्हाई' म्हटलं होतं, आणि मंगळवारपासून तो प्रेसवर उभा होता.

"वर्षातून एक-दोनदा," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "गावाकडं गोळ्या चालू होत्या. हितं आल्यावर संपल्या. मॅडम, तुमी परवा हे विचारलंच न्हाई. फिट का म्हणला तुमी. मला वाटलं कपडे मापाचे हायेत का विचारताय. कंत्राटदारानं आधीच दिलेला ड्रेस ढिला होता, म्हणून न्हाई म्हणलो."

दिपाली या वेळी हसली नाही.

नवनाथला त्याच दुपारी प्रेसवरून खाली घेतलं. मिनलने लिहिलं: चालतं यंत्र, उंची, फोर्कलिफ्ट यांपासून दूर. तज्ज्ञांकडे पाठवावे, औषध चालू करावे. पॅकिंगचं काम करू शकतो. तो कागद घेऊन ती स्वतः जयसिंगच्या केबिनमध्ये गेली.

"मॅडम, सोमवारी तुम्हीच पास केलाय. आता नापास? वर काय सांगू मी?"

"सांगा, डॉक्टरने चुकीचं विचारलं होतं."

जयसिंग चमकले. चूक स्वतःवर घेणारा माणूस त्यांनी एचआरमध्ये फारसा पाहिला नव्हता. "मग घरी पाठवू ना. कंत्राटदार दुसरा देईल."

"घरी पाठवलंत तर पुढचा कोणी खरं सांगणार नाही. मग तुमच्या प्रेसवर कोण उभा आहे ते ना तुम्हाला कळेल, ना मला." आणि ती समोरच्या खुर्चीत बसली. ती उठेना, तेव्हा जयसिंगनी पॅकिंगच्या सुपरवायझरला फोन लावला.

घरी येऊन मिनलने तिन्ही खर्डे बाजूला सारले आणि नव्याने लिहायला बसली. सुरुवात अशी केली: 'गेलं वर्षभर मी माझ्या पेशंटांना एक प्रश्न चुकीचा विचारत होते.' पुढे नुसतं झालं तसं लिहीत गेली. चार शब्द का उरले, ते. तेल लावलेल्या गड्याने काय उत्तर दिलं, ते. ढिल्या ड्रेसचं. मग आता ती कशी विचारते, त्यासाठी वेळ कुठून काढते, आणि एचआरच्या खुर्चीत का बसून राहिली. फॅमिली मेडिसिनच का, तर तिथे माणूस, त्याची भाषा, त्याचं काम आणि त्याचं घर एकदमच दारातून आत येतं, आणि तिला तेच शिकायचंय. माणसांची नावं, गावं, कंपनी, ओळख पटेल असं सगळं तिने वगळलं. अमेरिकेतल्या महिन्याला एक ओळ दिली. गंमत म्हणजे या विनोदाचं भाषांतर करावं लागलं नाही. इंग्रजीतही तंदुरुस्त माणसाला फिट म्हणतात आणि झटक्यालाही फिट. दोन भाषांत एकच खड्डा, आणि ती त्यात मराठीतून पडली होती.

ज्योतीरामना तिने मराठीत सांगितलं, तेव्हा ते उठून उभे राहिले.

"म्हणजे अमेरिकेला कळवायचं, आमच्या पोरीला धड विचारताही येत नाही? लोक गुण सांगतात गं अर्जात. तू पहिल्याच ओळीत गुन्हा कबूल करतेस?"

"पप्पा, काम तेच केलंय मी. दुसरं काय सांगू?"

"एवढ्या परीक्षा दिल्यास. एका ओळीनं सगळं जाईल."

हे ज्योतीराम रागाने म्हणाले नाहीत. पोरीचं हातातोंडाशी आलेलं जाईल या भीतीने त्यांचा आवाज कापला होता. तीच भीती मिनललाही होती. कस्तुरा तेवढी म्हणाली, "निदान यात कुणी मेलं तरी नाही."

नेहाने ते दोनदा वाचलं आणि फोन केला.

"धोका आहे," ती म्हणाली. "काही जण पहिली ओळ वाचूनच बाजूला ठेवतील. मी तुला खोटा धीर देणार नाही. पण शेवटचा परिच्छेद काढ."

"का? त्यात मी काय शिकले ते आहे. संवादाचं महत्त्व."

"म्हणूनच. वाचणारा डॉक्टर आहे, त्याला कळलंय तू काय शिकलीस ते. पॅकिंगपाशी थांब."

मिनलने तो परिच्छेद काढला. त्या परिच्छेदावर तिने सगळ्यात जास्त घाम गाळला होता, त्यामुळे जिवावर आलं. खंडूला दवाखान्यात कुठून तरी कळलं की मॅडम आपल्यावर काहीतरी लिहून अमेरिकेला पाठवतायत. तो खास येऊन म्हणाला की नाव टाका, फोटोपण देतो. पेशंटचं नाव टाकता येत नाही, असं मिनलने सांगितल्यावर तो हिरमुसला. "पेशंट कुठं हाय मी," तो म्हणाला, "मी तर फिट हाय."

अर्ज गेला. नेहा म्हणाली तसंच झालं. पुष्कळ ठिकाणांहून काहीच आलं नाही, काही ठिकाणांहून सभ्य नकार आला. मुलाखतीची बोलावणी मोजकीच आली, आणि त्यातलं एक मिनलला मनापासून हवं होतं. छोट्या गावातलं इस्पितळ, आजूबाजूला मांस पॅक करणारे कारखाने, दहा देशांचे कामगार.

मुलाखत कॉम्प्युटरवर, आपल्याकडे संध्याकाळी. घरात कुकर लावायला बंदी झाली. संघर्षने इंटरनेट तपासून दिलं आणि स्वतःहून दाराबाहेर पहारा धरला. त्याच्या आयुष्यातला हा पहिला संघर्ष. पडद्यावर पिकल्या केसांच्या बाई आल्या. त्यांनी पर्सनल स्टेटमेंट वाचलं होतं, कारण त्यांनी पहिल्यांदा पॅकिंगला गेलेल्या त्या कामगाराची चौकशी केली. तो कसा आहे?

"गोळ्या नियमित घेतो. त्यानंतर झटका आलेला नाही. पॅकिंगमध्येच आहे," मिनल म्हणाली.

बाईंनी मान डोलावली. मग म्हणाल्या, "हे वाचून मला वाटलं, तुमची तिथे गरज आहे. मग इकडे का यायचं?"

याचं उत्तर मिनलने पाठ केलं होतं. त्यात जागतिक आरोग्य होतं, संधी होती, वैविध्य होतं. ते ओठांवर आलं आणि तिथेच अडकलं. यात कुणाचंही नाव घातलं तरी चालेल, हे तिला आता बोलण्याआधी कळायला लागलं होतं.

"कारण तिथे मी एकटी आहे," ती म्हणाली. "वर्षभर मी चुकीचं विचारत होते आणि माझ्या मागे उभं राहून ऐकणारं कुणी नव्हतं. ते कळलं ते नशिबाने. मला अशा ठिकाणी शिकायचंय जिथे मी पेशंटशी बोलताना माझ्यापेक्षा जाणतं कुणीतरी ऐकत असेल आणि मला थांबवेल. त्यानंतर मी कुठेही एकटी बसू शकेन. चाकणलासुद्धा."

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. स्वयंपाकघराच्या दारामागे ज्योतीराम उभे होते. इंग्रजी त्यांना अर्धंमुर्धं कळायचं, पण 'चाकण' कळलं, आणि पोरीचा आवाज एकदाही कापला नाही हेही कळलं.

मार्चमध्ये निकाल आला. मिनलला त्याच गावात जागा मिळाली. कस्तुराने आईला, रुक्मिणीबाईंना, फोन करून बातमी दिली. ज्योतीरामनी पेढे वाटताना प्रत्येकाला गोष्ट पहिल्यापासून सांगितली, आणि सगळीकडे शेवट एकच, "आमच्या पोरीनं चूक लिहिली आणि तिचं झालं." त्यामुळे काळेवाडीपासून कासारवाडीपर्यंत असा समज पसरला की अमेरिकेला हुशार डॉक्टर नको आहेत, चुकलेले हवेत.

मग एका दुपारी आयुषचा फोन आला. हाही तिच्याच कॉलेजचा, तीन वर्षं मागे, आता चाकणच्याच दुसऱ्या एका कारखान्यात डॉक्टर. यंदा त्याला अर्ज करायचा होता.

"ताई, अभिनंदन. एक विचारू? रागावू नका. तुमची ती चूक मी वापरू का? नावगाव बदलतो. माझ्याकडं तसं काही घडलंच नाही हो, सगळं सुरळीत चाललंय."

मिनलला हसू आलं. रागही आला, पण हसू जास्त. "बॅच येतात का तुझ्याकडे?"

"रोज. कालच मोठी झाली. आता हात बसलाय, चटचट उरकतो."

"काय विचारतोस रे?"

"नेहमीचंच," आयुष म्हणाला. "शुगर, बीपी, दमा, फिट."

मिनलचं हसू थांबलं.

"आयुष, कालची बॅच परत बोलव," ती म्हणाली. "सगळी. अर्जाचं नंतर बघू."